६० लाखांचं काम, २४ लाख ॲडव्हान्स मागतोय. गॅरंटी नेमकी कशी मागायची?

केळीउत्पादक_रावेर

नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी रावेर तालुक्यात आहे. यंदा केळी पिकवण्यासाठी प्रत्येकी १० टनांचे चार रायपनिंग चेंबर बांधायचे ठरले. काम जीएसटी सोडून ६० लाखांचं. सप्लायर जिल्ह्याबाहेरचा आहे, त्याची दोन कामं आम्ही जाऊन पाहिली, चांगली वाटली. पण तो म्हणतो ४० टक्के म्हणजे २४ लाख आधी टाका, मगच पॅनेल आणि कॉम्प्रेसरची ऑर्डर देतो.

आम्ही गॅरंटी मागितली तर त्याने लेटरहेडवर लिहून पाठवलं, 'आमच्या यंत्रणेच्या कामगिरीची १२ महिने हमी राहील', खाली सही-शिक्का. आमच्यातले एक संचालक म्हणतात एवढं पुरे. मला ते पटत नाही. दोन वर्षांपूर्वी ग्रेडिंग लाइनसाठी एकाला साडेचार लाख आगाऊ दिले होते. असंच पत्र फाइलला होतं. मशीन सात महिने उशिरा आलं, ते पण अर्धवट. हंगाम गेला आणि पैसे आजपर्यंत परत आले नाहीत. त्या चेकवर सही माझी होती. गावात सभासद भेटले की आजही मान खाली जाते.

आम्हाला कर्ज देणारी बँक म्हणते, कोटेशनप्रमाणे रक्कम थेट सप्लायरच्या खात्यात टाकू. म्हणजे पैसा बुडाला तरी हप्ता आम्हीच भरायचा. पुढच्या शनिवारी बोर्डाची मीटिंग आहे. काय मागावं, किती रकमेचं मागावं आणि मागितल्यावर माणूस पळून तर जाणार नाही ना, हे कोणी अनुभवाने सांगेल का?

शिंदखेडा_बागायत

भाऊ, गॅरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आणि बिलाचा नंबर पाहिजेच. माझी साडेसातची सबमर्सिबल आठ महिन्यांत जळाली. कार्डावर तारीखच नव्हती, कंपनीने हात वर केले. रिवाइंडिंगला गेले ते वेगळेच. तुम्ही कॉम्प्रेसरचं कार्ड वेगळं मागून घ्या.

डाळमिल_जळगाव

शिंदखेडावाले भाऊ, ते मशीन बिघडल्यावरच्या वॉरंटीचं झालं. यांचा प्रश्न मशीन येण्याआधीच्या पैशाचा आहे.

रावेरकर, सोपं सांगतो. २४ लाखांचा सिक्युरिटी चेक घ्या, तारीख कोरी ठेवा. गडबड झाली की तारीख टाकून बँकेत लावा. बाउंस झाला तर १३८ ची केस होते आणि माणूस धावत येतो. सॉर्टेक्स घेताना मी असंच केलं होतं, एक पैसा अडकला नाही. बँक गॅरंटी वगैरे मोठ्या सरकारी कामांत चालते, आपल्या लेव्हलला कोणी देत नाही.

मालतीताई_भुसावळ

डाळमिलवाले दादा, तुमचा पैसा अडकला नाही तो माणूस नीट निघाला म्हणून. चेकची परीक्षा तुमच्यावर आलीच नाही. मी ३१ वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. खात्यात पैसे नसले तर चेक म्हणजे नुसता कागद. तो परत आल्यावर नोटीस द्यायची, पंधरा दिवस वाट बघायची, मग कोर्ट. तिथे समोरचा पहिल्यांदा हेच म्हणतो की चेक तारण म्हणून दिला होता, त्या दिवशी माझं काही देणंच नव्हतं. शेवटी केस जिंकालही, पण तोवर तुमचे दोन हंगाम जातील.

बँक गॅरंटीत पैसे द्यायचं वचन सप्लायर देत नाही, त्याची बँक देते. तुमचं पत्र गेलं की बँकेने पैसे द्यायचे आणि मग आपल्या ग्राहकाकडून वसूल करायचे. त्या दोघांचं भांडण तुमच्यापर्यंत येत नाही. 'आपल्या लेव्हलला देत नाहीत' हेही बरोबर नाही. दोन लाखांच्या गॅरंटीवरही मी सह्या केल्या आहेत.

आता रावेरकर दादा, तुम्ही दोन वेगळ्या भीती एकाच शब्दात बांधल्या आहेत, म्हणून बोर्डात गोंधळ होतोय. पहिली भीती, २४ लाख घेऊन माल आलाच नाही तर? त्यासाठी ॲडव्हान्सची गॅरंटी लागते. जेवढा ॲडव्हान्स, तेवढ्या रकमेची. दुसरी भीती, चेंबर उभे राहिले पण केळी नीट पिकलीच नाही तर? त्यासाठी परफॉर्मन्स गॅरंटी. ती साधारण कामाच्या ५ ते १० टक्के असते, म्हणजे तुमच्याकडे तीन ते सहा लाख. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. कितीतरी लोक १० टक्क्यांची परफॉर्मन्स गॅरंटी घेऊन निर्धास्त होतात आणि ४० टक्के पैसे उघड्यावर सोडतात. सप्लायरने २४ लाख घेऊन दुकान बंद केलं तर सहा लाखांच्या कागदावर तुम्हाला सहाच लाख मिळणार, १८ गेलेच.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत खाजगी कंपनीला आगाऊ रक्कम साधारण ३० टक्क्यांपर्यंतच द्यावी आणि त्यासाठी बँक गॅरंटीसारखं संरक्षण घ्यावं, असं आहे. तुम्हाला तो नियम बांधील नाही, पण बोर्डासमोर ठेवायला उपयोगी पडेल. सरकार ३० वर थांबतं, तर तुम्ही ४० का द्यावे?

फॅब्रिकेटर_धुळे

ताईंचं सगळं बरोबर, पण दुसऱ्या बाजूचंही ऐका. मी धुळे एमआयडीसीत पॅनेल आणि शेडचं काम करतो. मोठा ऑर्डर देणारा २४ लाखांची गॅरंटी मागतो तेव्हा माझ्या बँकेत काय होतं ते सांगतो. ज्याला गॅरंटीचं लिमिट मंजूर नाही, त्याला बँक म्हणते शंभर टक्के एफडी ठेवा. म्हणजे तुम्ही दिलेले २४ लाख तसेच एफडीत जातात. कंडेन्सरवाल्याला मी काय देऊ? पॅनेलवाला तर पूर्ण पैसे घेतल्याशिवाय ट्रक सोडत नाही. वर कमिशन. माझ्या बँकेने मागच्या वेळी वर्षाला २ टक्के लावले होते. त्या दराने २४ लाखांवर ४८ हजार, १८ टक्के जीएसटी धरून ५६,६४० रुपये. शेवटी हे सगळं कोटेशनमध्येच येतं.

मी चोर नाही, पण पूर्ण गॅरंटी देऊ शकत नाही, अशी माझ्यासारखी खूप माणसं आहेत. सरळ 'गॅरंटी दे नाहीतर जा' म्हटलंत तर चांगला माणूस गमवाल.

मालतीताई_भुसावळ

धुळेकर दादांनी मोलाचं सांगितलं. म्हणूनच रावेरकरांनी सप्लायरला पहिला प्रश्न हा विचारावा, 'तुमचं बँकेत गॅरंटीचं लिमिट आहे का, आणि मार्जिन किती टक्के?' लिमिट असेल तर १०-२५ टक्के मार्जिनवर, म्हणजे तेवढ्याच एफडीवर काम भागतं, त्याला अडचण नाही. लिमिट नसेल तर ॲडव्हान्सच कमी करा आणि पैसे टप्प्यांत द्या. कंडेन्सर-कॉम्प्रेसरचं बिल तुमच्या नावावर घेऊन त्या कंपनीला थेट पैसे देता येतात. मग मधल्या माणसाकडे तुमची रोकड थांबतच नाही आणि मालावर मालकी तुमची राहते.

उत्तर द्यायलाच जो टाळाटाळ करतो, त्याच्याबद्दल मात्र मी सावध होईन.

जिनिंग_चोपडा

माझा अनुभव सांगतो, कोणाला तरी उपयोग होईल. पाच वर्षांपूर्वी आमच्या जिनिंगला नवीन प्रेस घेतला. १२ लाखांची ॲडव्हान्स गॅरंटी होती, ताई म्हणतात तशी पक्की. प्रेस दिवाळीत यायचा होता, तो पुढे पुढे ढकलत गेला. 'शेठ, या आठवड्यात डिस्पॅच, या आठवड्यात डिस्पॅच' म्हणत मार्च उजाडला. कापूस संपला. गॅरंटीची तारीख ३१ मार्च होती. मला वाटलं मार्चएंडच्या गडबडीत नको, एप्रिलमध्ये बघू. ३ एप्रिलला पत्र घेऊन गेलो तर मॅनेजर म्हणाले, मुदत संपली, आता आमचं काही देणं नाही. कागद हातात, शिक्का खरा, आणि एक रुपया मिळाला नाही. त्या मॅनेजरचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. त्यांनाही वाईट वाटत होतं.

नंतर सहा महिन्यांनी प्रेस आला, म्हणून आम्ही वाचलो. पण भो, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

मालतीताई_भुसावळ

चोपडेकर दादा, तुमच्यासारखी किमान दहा माणसं माझ्या टेबलावरून अशीच परत गेली असतील. यातून दोन तारखांची गोष्ट सांगते. गॅरंटीवर वैधतेची एक तारीख असते आणि क्लेमची शेवटची तारीख वेगळी. चूक वैधतेच्या आत घडली पाहिजे, आणि लेखी मागणी क्लेमच्या तारखेच्या आत शाखेत पोचली पाहिजे. करार कायद्याच्या कलम २८ मध्ये २०१३ पासून बदल झाल्यानंतर बऱ्याच बँका क्लेमसाठी वर्षभर धरतात, आणि त्या वर्षाचंही कमिशन सप्लायरकडून घेतात, म्हणून तो कुरकुरतो. तुमच्या जुन्या कागदावर बहुधा दोन्ही तारखा एकच होत्या.

आणि उशीर दिसायला लागला की महिनाभर आधी बँकेला पत्र द्यायचं, 'मुदत वाढवा नाहीतर रक्कम द्या'. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. हे पत्र गेलं की सप्लायर दुसऱ्याच दिवशी मुदतवाढ करून आणतो, कारण बँक त्याला फोन करते.

केळीउत्पादक_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सप्लायरशी बोललो. त्याचं लिमिट आहे आणि मार्जिन २५ टक्के आहे म्हणतो. त्याच्या बँकेचा मसुदा पाठवला. त्यातलं मुख्य वाक्य इथे देतो, ताई जरा पाहाल का?

'पुरवठादाराने कराराचा भंग केल्याचे सक्षम प्राधिकरणासमोर सिद्ध झाल्यास, बँक लाभार्थीला झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीइतकी, कमाल रु. २४,००,०००/- पर्यंत रक्कम अदा करील. सदर हमी आगाऊ रक्कम पुरवठादाराच्या खात्यात जमा झाल्यावरच अंमलात येईल.'

शेवटचं वाक्य मला धोक्याचं वाटतं. आधी पैसे टाका मग गॅरंटी, असाच अर्थ ना?

मालतीताई_भुसावळ

दादा, तुम्ही ज्या वाक्याला घाबरलात ते चालेल. खरा धोका पहिल्या वाक्यात आहे.

शेवटचं वाक्य सप्लायरच्या बाजूने योग्य आहे. गॅरंटी तुमच्या हातात आधी येते, तुम्ही ती तपासता आणि मग पैसे टाकता. पैसे पोचले की ती जिवंत होते. तुम्ही ॲडव्हान्स न देताच क्लेम करू नये एवढीच त्याची काळजी आहे. फक्त त्या वाक्यात खाते क्रमांक लिहून घ्या, आणि तुमची कर्ज देणारी बँक त्याच खात्यात पैसे टाकेल हे पाहा. दुसऱ्या खात्यात गेले तर उद्या म्हणतील हमी अंमलात आलीच नाही.

पहिल्या वाक्यातला 'सिद्ध झाल्यास' हा शब्द काढलाच पाहिजे. सिद्ध करायला कोर्टात किंवा लवादाकडे जावं लागेल, मग गॅरंटी घेऊन काय मिळवलं? 'प्रत्यक्ष नुकसानीइतकी' हेही काढा. नुकसान मोजत बसायला लावतील. तिथे असं हवं, 'लाभार्थीची लेखी मागणी येताच, कोणतीही हरकत न घेता, पुरवठादाराचा आक्षेप असला तरी, बँक मागितलेली रक्कम अदा करील. ही हमी मुदतीत रद्द करता येणार नाही.' अशी भाषा असली की कोर्टही सहसा स्थगिती देत नाही. उघड फसवणूक किंवा कधीच भरून न येणारं नुकसान, एवढीच कारणं तिथे चालतात.

लाभार्थी म्हणून कंपनीचं नाव रजिस्ट्रेशनवर जसं आहे तसं अक्षरशः घाला.

आणि हे विसरू नका, कागद हातात आला म्हणून पैसे सोडायचे नाहीत. खोट्या गॅरंट्या छापल्या जातात. गॅरंटी देताना तुमच्या बँकेचा आयएफएससी कोड सप्लायरला द्या. त्याच्या बँकेने एसएफएमएस या बँकांच्या आपसातल्या यंत्रणेवरून तुमच्या बँकेला संदेश पाठवायचा. तो तुमच्या शाखेत पोचला, त्यातला नंबर, रक्कम आणि तारखा कागदाशी जुळल्या, की मग ॲडव्हान्स. कागदावर छापलेल्या फोन नंबरवर फोन करून खात्री करणं म्हणजे खात्री नाही. पतसंस्थेचं हमीपत्र आणलं तर नम्रपणे परत करा. आपल्या भागात पतसंस्थांच्या ठेवींचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

डाळमिल_जळगाव

एसएफएमएसचं मला माहीत नव्हतं ताई. पण मी तरी सिक्युरिटी चेक जोडीला घेईनच, घेतल्याने काही बिघडत नाही.

मालतीताई_भुसावळ

जोडीला घ्या दादा, बदली म्हणून घेऊ नका.

रेफ्रिजरेशन_सावदा

मी केळीच्याच चेंबरचं काम करतो, म्हणून दुसऱ्या भीतीबद्दल बोलतो. इथे कोणी विचारलं नाही, पण परफॉर्मन्स म्हणजे तुम्ही लिहिणार काय? 'समाधानकारक चालेल' लिहिलंत तर त्याचा अर्थ तो लावणार.

सप्लायर ट्रायल कशी दाखवतो ते मी शंभर वेळा पाहिलंय. डिसेंबरमध्ये, रिकामा चेंबर, दार बंद, तासाभरात डिस्प्लेवर १६ अंश. सगळे टाळ्या वाजवतात. तो आकडा हवेचा असतो. खरी परीक्षा मे महिन्यात असते. बाहेर ४५ अंश, शेतातून आलेल्या फळाचा गर ३४ वर, चेंबरमध्ये पूर्ण १० टन क्रेट. त्यात इथिलीन दिलं की केळी श्वास जोरात घेते आणि स्वतःच तापायला लागते. कंडेन्सर ३८ अंशांच्या हिशोबाने काढलेला असेल तर नेमका त्या दिवशी दम तोडतो. मधल्या क्रेटमधली केळी आधी पिवळी होऊन मऊ पडते, कडेची हिरवी राहते.

म्हणून अटीत लिहा, पूर्ण भरलेल्या चेंबरमध्ये, बाहेर ४५ अंश असताना, गराचं तापमान ३४ वरून १८ वर २४ तासांत आलं पाहिजे. सुई गरात घालून मोजायचं, वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून. आणि परफॉर्मन्स गॅरंटीची मुदत मे ओलांडून पुढे न्या. डिसेंबरमध्ये चालू करून मार्चला गॅरंटी परत दिली तर ती घेतलीच कशाला?

फॅब्रिकेटर_धुळे

सावदेकर, ४५ ची अट टाकली तर कंडेन्सर मोठा लागतो आणि किंमत वाढते. कोटेशन ३८ वर दिलं असेल आणि आता ४५ वर गॅरंटी मागितली तर ते अन्यायाचं आहे. आधी डिझाइन बदला, मग गॅरंटी मागा. आणि २४ तासांत ३४ वरून १८ हे ओळीने रचलेल्या क्रेटमध्ये होतं. शेतकऱ्याने क्रेट भिंतीला चिकटवून, हवा जायला जागा न ठेवता भरले तर कोणतंच मशीन ते करणार नाही. क्रेट कसे रचायचे हेही अटीत लिहा.

रेफ्रिजरेशन_सावदा

क्रेट रचण्याचं मान्य, ते लिहायलाच हवं. पण रावेर-सावद्यात ३८ वर डिझाइन करणं म्हणजे मे महिना नाहीच असं धरणं. सप्लायरने जागा न पाहता कोटेशन दिलं असेल तर ती त्याची चूक.

केळीउत्पादक_रावेर

मीटिंग झाली. जसं ठरलं तसं सांगतो.

ॲडव्हान्स ४० वरून २५ टक्क्यांवर आणला, म्हणजे १५ लाख. त्यावर १५ लाखांची ॲडव्हान्स गॅरंटी, ताईंनी सांगितलेल्या भाषेत. त्याच्या २५ टक्के मार्जिनने त्याची पावणेचार लाखांचीच एफडी अडकते, म्हणून तो तयार झाला. कंडेन्सर आणि पॅनेल आमच्या जागेवर उतरून बिल आमच्या नावावर झालं की ही गॅरंटी परत द्यायची आणि त्याच वेळी २१ लाख द्यायचे. उभारणी पूर्ण झाल्यावर १८ लाख. उरलेले ६ लाख ट्रायलनंतर द्यायचे, पण तेव्हा त्याने ६ लाखांची परफॉर्मन्स गॅरंटी ठेवायची. माल डिसेंबरपर्यंत येईल म्हणून ॲडव्हान्स गॅरंटीची वैधता मार्चअखेर घेतली, क्लेम त्याच्या पुढे. सांगायला समाधान वाटतं की एकाही संचालकाने विरोध केला नाही. लेटरहेड पुरे म्हणणारे आबा स्वतःच म्हणाले, साडेचार लाखांचं पत्र फाइलमधून काढून पुन्हा वाचलं.

कर्जाच्या बँकेलाही पत्र दिलं, एसएफएमएसचा संदेश आल्याशिवाय सप्लायरच्या खात्यात रक्कम टाकू नका. मॅनेजरने दुसऱ्या प्रतीवर शिक्का दिला.

अडलंय ते ४५ अंशांवर. सप्लायर म्हणतो ४२ पर्यंत लिहून देतो, ४५ साठी चार कंडेन्सर मोठे लागतील आणि अडीच लाख वाढतील. परफॉर्मन्स गॅरंटी जुलैअखेरपर्यंत ठेवायला मात्र तो तयार आहे. अडीच लाख देऊन ४५ घ्यावं, की ४२ वर थांबून मे महिन्यात चेंबर तीन-चतुर्थांशच भरावेत, यावर बोर्डात दोन मतं आहेत.

रेफ्रिजरेशन_सावदा

तीन-चतुर्थांश भरायचं असेल तर तो आकडा गॅरंटीच्या अटीत लिहून घ्या, ४५ अंशांवर साडेसात टन. नाहीतर ट्रायलच्या दिवशी तो पाच टन भरून दाखवेल. कंडेन्सरचे मॉडेल नंबर इथे टाका, मी कॅटलॉगमध्ये ४५ वर त्यांची क्षमता किती उरते ते काढून देतो.

केळीउत्पादक_रावेर

उद्या सकाळी त्याच्याकडून मागवतो आणि टाकतो.

शिंदखेडा_बागायत

ताई, एक विचारू का? आमचा ड्रिपचा ठेकेदार ८० हजार आधी मागतोय. एवढ्याला बँक गॅरंटी मागितली तर चालेल का?

मालतीताई_भुसावळ

एवढ्याला कमिशन आणि धावपळ परवडणार नाही दादा. पाइप आणि लॅटरल शेतात उतरल्यावर पैसे द्या, फक्त मजुरीपुरतं आधी द्या. बिल तुमच्या नावाचं घ्या आणि त्यावर आधी तारीख बघा.